प्रत्येक गटात झाडे किती?

लेखमाला : आकडे आणि शिवार | भाग ७

मागच्या भागात आपण एकदिश प्रसरण विश्लेषणातले एफ गुणोत्तर काढले. गटागटांच्या सरासऱ्यांमधला फरक, गटाच्या आतल्या झाडाझाडांमधल्या फरकाच्या किती पट आहे, हे ते सांगते. पण गणिताआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो असा की प्रत्येक गटात किती झाडे घ्यायची? बारामतीपासून इंदापूरपर्यंत कृषी पदविकेची मुले प्रकल्पाच्या वेळी हाच प्रश्न विचारतात. त्यांना बहुधा एकच उत्तर मिळते : ‘त्रुटीची स्वातंत्र्य मात्रा १२ च्या खाली जाऊ देऊ नका.’ हा नियम काय देतो आणि काय देत नाही, ते आज पाहू.

उदाहरण म्हणून इंदापूर तालुक्यातल्या हलक्या, मुरमाड जमिनीवरची एक डाळिंबाची बाग मनात आणा. वाण भगवा, झाडे एकाच वयाची, आंबे बहार धरलेला. खताच्या चार मात्रांची तुलना करायची आहे आणि खत प्रत्येक झाडाच्या आळ्यात हाताने द्यायचे आहे. मोजायचे ते झाडामागे मिळालेले किलो. समजा, एकाच मात्रेच्या झाडांमध्येही उत्पन्न सरासरीच्या आजूबाजूला हलते आणि त्याचे प्रमाण विचलन ४ किलो आहे.

चार गट आणि प्रत्येकात चार झाडे घेतली, तर त्रुटीची स्वातंत्र्य मात्रा ४ × (४ − १) म्हणजे बरोबर १२ होते. नियम पाळला गेला. या १२ मागचे कारणही खरे आहे. चार गटांसाठी, पाच टक्के पातळीवर, एफ ज्या उंबरठ्याच्या वर जायला हवे तो उंबरठा त्रुटीची मात्रा ४ असताना ६.५९ असतो, ८ असताना ४.०७ आणि १२ असताना ३.४९. त्यानंतर तो फार सावकाश उतरतो. मात्रा अमर्याद वाढवली, तरी २.६० च्या खाली जात नाही. म्हणजे १२ पर्यंत येईतो आपल्या त्रुटीचा अंदाज बऱ्यापैकी स्थिर होतो. नियमाची हमी एवढीच आहे. खरा फरक असेल तर तो हाती लागेल, असे हा नियम कुठेच म्हणत नाही.

ती हमी हवी असेल, तर शेतकऱ्याला विचारावे लागते : किती किलोचा फरक तुमच्या कामाचा? समजा तो म्हणाला, ‘सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट मात्रेत झाडामागे ४ किलोचा फरक असेल, तर मी खत बदलेन. त्यापेक्षा कमी असेल तर बदलणार नाही.’ इथे फरक आणि प्रमाण विचलन सारखेच, ४ आणि ४. मधल्या दोन मात्रा बरोबर मध्यावर आहेत असे धरू, कारण टोकांमधले अंतर तेवढेच असताना एफला फरक पकडायला सगळ्यात अवघड अशी मांडणी हीच. आता गटात चार झाडे असतील, तर ४ किलोचा खरा फरक असूनही चाचणी तो दाखवेल अशी शक्यता शंभरात साधारण १५. उरलेल्या ८५ वेळा निष्कर्ष निघेल ‘लक्षणीय फरक नाही’, आणि तो वाचणारा समजेल की खताने काही होत नाही. एवढ्या झाडांत ८० टक्के खात्रीने पकडता येतो तो फरक जवळजवळ ११ किलोचा.

८० टक्के खात्रीने ४ किलोच पकडायचे असतील, तर आर या संगणक भाषेत एका ओळीत उत्तर मिळते :

```
power.anova.test(groups = 4,
  between.var = var(c(-2, 0, 0, 2)),
  within.var = 16,
  sig.level = 0.05, power = 0.80)
```

यातले `-2, 0, 0, 2` म्हणजे चार गटांच्या सरासऱ्या एकूण सरासरीपासून किती दूर, आणि १६ म्हणजे ४ चा वर्ग. उत्तर २२ च्या थोडे वर येते, म्हणून गटात २३ झाडे, चार गटांत ९२. कागदावर करायचे असेल, तर चार गटांसाठी ही ढोबळ रीत चालते : प्रमाण विचलनाला फरकाने भागा, वर्ग करा, २२ ने गुणा, एक मिळवा. फरक ६ किलोचा चालत असेल, तर ११ झाडे पुरतात. २ किलोचा पकडायचा हट्ट असेल, तर ९० च्या आसपास लागतात. फरक निम्मा केला की झाडे जवळजवळ चौपट होतात.

सगळी मदार त्या ४ किलोंच्या विचलनावर आहे. ते कुठून आणायचे? दहा झाडांची मागच्या बहाराची नोंद पाहून ४ काढले असेल, तर खरे विचलन २.७५ पासून ७.३ पर्यंत कुठेही असू शकते. दहा झाडे तेवढेच सांगतात. ते ५ निघाले तर गटात ३५ झाडे हवीत. म्हणून एकाच अंदाजावर न थांबता ३, ४ आणि ५ धरून तिन्ही आकडे आधी लिहून ठेवावेत. विचलन खाली आणणेही आपल्या हातात असते. छाटणी सारखी केली, खोड सारखे असलेली झाडे निवडली आणि विचलन ३ वर आणले, तर १३-१४ झाडांत काम होते.

झाडे गळतातही. मर रोगाने झाड वाळते, तेल्याने फळे जातात. दहात एक झाड जाईल असे धरले, तर २३ च्या जागी २६ लावा. पण एखाद्या मात्रेनेच झाडे जास्त मरत असतील, तर ती गळती म्हणून झाकू नका, तो त्या मात्रेचाच निकाल आहे.

सर्वांत महाग पडते ती चूक वेगळीच. आळ्यात देण्याऐवजी तेच खत ठिबकमधून सोडले, म्हणजे एक मात्रा एका नळीला, आणि नळीवर २३ झाडे. मोजणीत गटात २३ आकडे दिसतील, पण त्या मात्रेची स्वतंत्र नळी एकच. त्या ओळीखाली मुरूम वर आला असेल किंवा नळीत दाब कमी असेल, तर तो दोष खताच्या नावावर जमा होईल. एकक म्हणजे जिला चिठ्ठी टाकून मात्रा मिळते ती गोष्ट. चिठ्ठी नळीला पडली असेल, तर एकक नळी, आणि वरचे सगळे आकडे नळ्यांचे समजायचे. एका झाडाची पन्नास फळे वजन करूनही झाड एकच राहते. संगणक ही चूक पकडत नाही, कारण त्याच्यापुढे फक्त आकड्यांची ओळ असते. ती ओळखायची खूण एकच : आपण चिठ्ठ्या किती टाकल्या, ते मोजा. गटात एकच चिठ्ठी असेल, तर त्रुटीची खरी मात्रा शून्य.

आणि एक मर्यादा. एफ सांगते ते इतकेच की चारही मात्रा सारख्या नाहीत. कोणती कोणापेक्षा सरस, हे पाहायला सहा जोड्या तपासाव्या लागतात, आणि सहाही तपासण्यांची चूक मिळून पाच टक्क्यांत ठेवायची, तर प्रत्येकीचा उंबरठा वर जातो. ४ किलोंनी दूर असलेली जोडी तेव्हाही ८० टक्के खात्रीने हाती लागावी, तर गटात २३ ऐवजी २५-२६ झाडे धरावीत. गळतीची वाढ त्यावर वेगळी.

मग १२ चा नियम टाकून द्यायचा का? नाही. त्याच्या खाली उतरू नये, हे बरोबरच आहे. फक्त तो पाळल्यावर निघालेल्या ‘लक्षणीय फरक नाही’ या शब्दांपुढे आणखी एक वाक्य लिहायची सवय लावा : ‘या झाडांत ११ किलोंपेक्षा लहान फरक आम्हाला भरवशाने दिसला नसता.’

पुढच्या भागात : बागेचा एक कोपरा काळा आणि दुसरा मुरमाड असेल, तर झाडांचे पट्टे पाडून तीच खात्री कमी झाडांत कशी मिळवायची.