खर्चसमर्थनाचे कृतिनिहाय पुनर्लेखन

खर्चसमर्थन किंवा बजेट जस्टिफिकेशन हा संशोधन अनुदानाच्या अर्जातील वर्णनात्मक भाग होय. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात रकमा असतात. त्या रकमा का लागणार आणि कशा काढल्या, हे या भागात सांगितले जाते. अमेरिकेतील संघीय अनुदानांच्या नियमांनुसार खर्च आवश्यक, वाजवी आणि त्या प्रकल्पाकडे वर्ग करता येण्याजोगा असावा लागतो. भारतातील अनुदानांत सहसा मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य वस्तू, प्रवास व आकस्मिक खर्च अशी शीर्षे असतात. लहान अनुदानाच्या अर्जात बहुधा या शीर्षांचीच वाक्ये बनवलेली आढळतात. ‘क्षेत्रकार्यासाठी प्रवास आवश्यक आहे’ हे वाक्य कोणत्याही प्रकल्पाला लागू पडते, म्हणून परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. कृतिनिहाय पुनर्लेखनात प्रत्येक रक्कम कार्ययोजनेतील एखाद्या ठरावीक कृतीशी जोडली जाते.

पद्धत

पुनर्लेखनाची सुरुवात अंदाजपत्रकापासून न करता कार्ययोजनेपासून करणे सोयीचे ठरते. प्रत्येक कृती किती वेळा, किती दिवस आणि किती माणसांकडून होणार, हे आधी लिहावे. मग तिचा खर्च परिमाण गुणिले दर अशा रूपात मांडावा आणि दर कोठून घेतला ते नमूद करावे. दर संस्थेच्या प्रवासभत्ता नियमांतून, पुरवठादाराच्या दरपत्रकातून किंवा प्रयोगशाळेच्या शुल्कपत्रकातून घेता येतो.

उदाहरण

एका वर्षाच्या काल्पनिक प्रकल्पात सहा गावांतील २४ विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजायचे आहे असे समजू. विहिरींची पाहणी पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात अशी तीनदा होईल. मूळ मसुद्यात प्रवासापुढे ६०,००० रुपये आणि वर दिलेले वाक्य एवढेच होते.

दिवसाला सहा विहिरी धरल्यास एका फेरीला चार दिवस, म्हणजे तीन फेऱ्यांना १२ दिवस लागतात. वाहनभाडे दिवसाला २,५०० रुपये असल्यास त्याचे ३०,००० होतात. दोघांचा दैनिक भत्ता प्रत्येकी ५०० रुपये धरल्यास आणखी १२,०००. बेरीज ४२,००० झाली. उरलेल्या १८,००० रुपयांना मसुद्यात कोणतीही कृती नव्हती.

येथे रक्कम लगेच कापून टाकणे घाईचे ठरते, कारण चूक योजनेतही असू शकते. सूक्ष्मजीवांमुळे पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण बदलते. म्हणून संरक्षक रसायन न घातलेला नमुना थंड ठेवून ४८ तासांत तपासण्याची पद्धत आहे. चार दिवसांचे नमुने शेवटी एकत्र नेले, तर पहिल्या दोन दिवसांचे नमुने ही मुदत ओलांडतात. म्हणून प्रत्येक फेरीत दुसऱ्या व चौथ्या दिवशी नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे आणि ते त्याच दिवशी तपासायला घेण्याची व्यवस्था करणे भाग आहे. जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या अशा सहा खेपा होतात. भाड्यापलीकडील अंतराचा दर किलोमीटरला १२ रुपये असल्यास त्यांचे ५,७६० रुपये होतात. ही कृती कार्ययोजनेत लिहिलेलीच नव्हती.

दुसरी राहून गेलेली कृती म्हणजे निष्कर्ष गावकऱ्यांना सांगणे. उद्दिष्टांत तिचा उल्लेख होता, पण वेळापत्रकात तिला एकही दिवस दिलेला नव्हता. दिवसाला दोन गावे धरून तीन दिवसांचे वाहनभाडे व भत्ता मिळून १०,५०० रुपये होतात. आता प्रवासखर्च ५८,२६० रुपये भरतो. उरलेल्या १,७४० रुपयांना कारण सापडत नाही, म्हणून ते वगळले जातात. एकूण रक्कम फारशी बदलली नाही. मात्र मूळ योजनेप्रमाणे काम झाले असते, तर प्रत्येक फेरीतील निम्मे नमुने निकामी ठरले असते.

पुनर्लिखित परिच्छेद असा होईल: ‘२४ विहिरींच्या तीन फेऱ्यांसाठी १२ दिवसांचे वाहनभाडे (₹३०,०००) व दोन व्यक्तींचा भत्ता (₹१२,०००), ४८ तासांच्या मुदतीत नमुने पोहोचवण्यासाठी सहा खेपा (₹५,७६०), सहा गावांत निष्कर्ष मांडण्यासाठी तीन दिवस (₹१०,५००). एकूण ₹५८,२६०.’

मर्यादा

प्रत्येक खर्च असा जोडता येत नाही. संस्थेचा प्रशासकीय अधिभार टक्केवारीने आकारला जातो. त्याला कृती चिकटवणे कृत्रिम ठरते. संशोधन सहायकाचे मानधनही महिन्यांत मोजले जाते, त्यामुळे कोणत्या महिन्यांत तो कोणते काम करील एवढे सांगणे पुरते. लॅपटॉपसारख्या सर्वसाधारण वापराच्या वस्तूंचे समर्थन अवघड असते, कारण त्या इतर कामांसाठीही वापरल्या जातात. अशा वेळी प्रकल्पाच्या वाट्याचाच खर्च मागणे अधिक टिकते. कागद-पेनांचा हिशेब कृतीकृतीत वाटणे मात्र निरर्थक आहे.

अतिरेकी बारकावा पुढे अडचणीचाही ठरू शकतो. मंजूर शीर्षांमध्ये रक्कम फिरवण्यासाठी अनेक अनुदानांत निधिदात्याची पूर्वपरवानगी लागते. म्हणून विहिरींची संख्या आणि फेऱ्या निश्चित लिहाव्यात. प्रवासाच्या नेमक्या तारखा किंवा वाहनाचा प्रकार समर्थनात बांधून घेऊ नये.