आगाऊ वर्गणी : हाती आली, पण उत्पन्न नव्हे

गिऱ्हाइकाने मालासाठी आगाऊ रक्कम दिली, तर कोणताही व्यापारी ती विक्रीत धरत नाही. माल देईपर्यंत ते देणेच असते. क्रीडा मंडळाच्या हिशेबात मात्र हाच नियम पुष्कळदा विसरला जातो.

वाशीम जिल्ह्यातील कामरगावसारख्या गावातील एखाद्या मंडळाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. सभासद ६०, वार्षिक वर्गणी १,२०० रुपये, हिशेबाचे वर्ष २०२४-२५. रोख जमाखर्चात वर्गणीची जमा ७८,००० रुपये दिसते. प्रशिक्षकाचे मानधन, मैदानाची देखभाल व वीज मिळून वर्षाचा चालू खर्च ७५,००० रुपये झाला. कार्यकारिणीस ३,००० रुपयांची शिल्लक दिसते आणि मानधनवाढीचा विचार सुरू होतो.

येथे पावतीपुस्तक उघडले पाहिजे. जमा झालेल्या रकमेत ४,८०० रुपये मागील वर्षाची थकबाकी आहे आणि ९,६०० रुपये आठ सभासदांनी २०२५-२६ साठी आधीच भरलेले आहेत. उलट, चालू वर्षाचे ३,६०० रुपये तीन सभासदांनी गतवर्षीच दिले होते, तर चार सभासदांचे ४,८०० रुपये अद्याप येणे आहेत. रोख जमेवरून चालू वर्षाचे उत्पन्न असे निघते :

| तपशील | रुपये |
|---|---|
| वर्षात मिळालेली वर्गणी | ७८,००० |
| वजा : मागील वर्षाची थकबाकी | ४,८०० |
| वजा : पुढील वर्षाची आगाऊ वर्गणी | ९,६०० |
| अधिक : गतवर्षी मिळालेली आगाऊ वर्गणी | ३,६०० |
| अधिक : चालू वर्षाची येणे वर्गणी | ४,८०० |
| चालू वर्षाचे उत्पन्न | ७२,००० |

उत्पन्न-खर्च पत्रकात ७२,००० रुपयेच जातात. खर्च ७५,००० असल्यामुळे शिल्लक नव्हे, ३,००० रुपयांची तूट निघते. मानधन वाढले असते, तर ते पुढील वर्षाच्या पैशांतून गेले असते.

ताळेबंदात ९,६०० रुपये देणे बाजूस आणि ४,८०० रुपये येणे बाजूस दाखवावे. हेच ९,६०० रुपये २०२५-२६ च्या उत्पन्नात मिळवावे लागतात. ही दुसरी नोंद राहून जाण्याचा संभव अधिक असतो. मग ती रक्कम कोणत्याच वर्षाच्या उत्पन्नात येत नाही.

पडताळणी सोपी आहे : ६० सभासद गुणिले १,२०० म्हणजे ७२,०००. आकडा जुळला नाही, तर एखाद्या पावतीचे वर्ष चुकले आहे काय, हे पाहावे. वर्षाच्या मध्यात आलेल्या वा गेलेल्या सभासदांचा हिशेब मात्र स्वतंत्र करावा लागतो. आजीव सभासदत्वाची रक्कमही या गणितात धरू नये. ती एका वर्षाची नसते, म्हणून ती सहसा भांडवली निधीत ठेवतात.

हे सर्व पावतीवरील एका ओळीवर अवलंबून आहे. तेथे केवळ ‘वर्गणी’ असे न लिहिता ‘वर्गणी, सन २०२५-२६’ असे लिहिलेले असावे. पावतीची तारीख पैसे कधी आले एवढेच सांगते. ते कोणत्या वर्षाचे, हे ती सांगत नाही.