‘नका’ नेमकं कशाला?

पुण्याहून पौड रस्त्याने पिरंगुट मागे टाकलं की कासार आंबोली लागतं. या भागातल्या एका लहान कारखान्यात मी मशीनच्या देखभालीचं काम बघतो. पाळी बदलते तेव्हा जाणारा येणाऱ्याला नेहमी भेटतोच असं नाही, म्हणून टेबलावर एक वही असते. जे सांगायचं ते तीत लिहून जायचं, ही आमची पद्धत.

एका संध्याकाळी हायड्रॉलिक प्रेसच्या सिलिंडरमधून तेल पाझरताना दिसलं. रात्रपाळीसाठी मी वहीत लिहिलं, ‘सील बदलून दाब वाढवू नका.’ माझ्या मनात होतं ते असं : सील आज रात्रीच बदला, पण त्यानंतर दाब १०० बारवरच राहू द्या. सकाळी गळती थांबल्याची खात्री करून तो नेहमीच्या १६० बारवर मी नेईन. सकाळी आलो तर सील जुनंच होतं आणि प्रेस रात्रभर उभी होती. नवं सील स्टोअरमधून काढून टेबलावर ठेवलेलं. फिटर म्हणाला, “साहेब, तुम्हीच लिहिलंय ना? मला वाटलं, सीलला हात लावायचा नाही आणि दाबालाही नाही. म्हटलं, सकाळी तुम्ही येऊन बघाल.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या वाक्यातून तो अर्थ सरळ निघत होता. त्या दिवसापासून मी वहीतली जुनी पानं चाळायला लागलो आणि आपल्याला खात्रीच्या वाटणाऱ्या काही समजुती किती कच्च्या आहेत ते ध्यानात आलं.

गैरसमज : असले घोटाळे इंग्रजीत होतात. मराठीत विभक्ती असते, शब्द कुठेही ठेवला तरी अर्थ बदलत नाही.

विभक्ती सांगते कोणी केलं आणि कोणाला केलं. ‘बदलून’, ‘जाताना’, ‘उद्या’, ‘फक्त’ हे शब्द कोणत्या क्रियापदाला चिकटतात, ते ती सांगत नाही. आणि कामाच्या सूचना तर याच शब्दांनी भरलेल्या असतात.

माझ्या वाक्यातली अडचण ‘नका’ या शब्दाची होती. मराठीत तो वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे त्याच्या आधीचं सगळंच त्याच्या कक्षेत येऊ शकतं. रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ असं लिहिलेलं असतं. आजी सांगते, ‘जेवून लगेच झोपू नकोस.’ घडण एकच आहे : आधी ‘-ऊन’, शेवटी नकार. पण आजी जेवायला मनाई करत नाही, नुसतं लगेच झोपायला करते. पाटीवर मात्र नकार दोन्ही गोष्टींच्या जोडीला आहे. हा फरक वाक्यात लिहिलेला नाही. तो आपण जेवण, झोप, दारू आणि गाडी यांबद्दलच्या माहितीतून भरून घेतो. सील आणि दाब यांच्याबद्दल तशी सर्वांच्या डोक्यात पक्की बसलेली माहिती नसते. मी आजीसारखं लिहिलं, फिटरने पाटीसारखं वाचलं.

हिंदी बोलणाऱ्या सहकाऱ्याला कोणी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तर ‘सील बदलके प्रेशर मत बढ़ाना’ असं होईल. भाषा बदलली तरी गोंधळ तोच राहतो.

गैरसमज : स्वल्पविराम दिला की भागतं.

‘सील बदलून, दाब वाढवू नका’ असं लिहिलं असतं तर कदाचित काम झालं असतं. पण वहीतला स्वल्पविराम तेलकट बोटाखाली पुसला जातो, आणि ओळ फोनवर वाचून दाखवली की तो ऐकूच येत नाही. बोलताना ‘बदलून’नंतर आपण जरा थांबतो आणि ‘दाब’वर जोर देतो, म्हणून बोलणाऱ्याला आपलं वाक्य स्वच्छ वाटतं. लिहिताना तो जोर आपल्याच कानात घुमत राहतो, कागदावर उतरत नाही. स्वतःच्या सूचनेतला दुसरा अर्थ आपल्याला दिसत नाही, त्याचं मला वाटतं हेच कारण आहे.

दुरुस्ती सोपी आहे. दोन कामं असतील तर दोन वाक्यं करायची : ‘सील आज रात्री बदला. बदलल्यानंतर दाब १०० बारवरच ठेवा.’ यात ‘नका’ राहिलंच नाही, कारण काय करायचं नाही त्याऐवजी काय करायचं ते सांगितलं. सील बदलेपर्यंत दाबाला हात लावायचा नाही, नंतर चालेल, असं म्हणायचं असेल तर ‘बदलल्याशिवाय’ हा शब्द ते नेमकं सांगतो. म्हणूनच तो जपून वापरायला हवा. ‘सील बदलल्याशिवाय दाब वाढवू नका’ असं मी लिहिलं असतं, तर सील बसवल्यावर लगेच १६० बारवर जायला फिटर मोकळा झाला असता.

‘-ताना’ची गोष्ट आणखी नाजूक, कारण तिथे काम करणारा माणूसच हरवतो. ‘क्रेनखालून जाताना लोड हलवू नका.’ जाणारा कोण? वाक्य ऑपरेटरसाठी आहे, पण ऑपरेटर क्रेनखालून जात नाही, दुसरी माणसं जातात. व्याकरणाप्रमाणे मात्र जाणारा आणि न हलवणारा एकच माणूस होतो. तेव्हा ‘खालून कोणी जात असताना लोड हलवू नका’ असंच लिहायला हवं. ‘-ताना’ दिसलं की ‘कोण?’ असं विचारायचं. शेवटच्या क्रियापदाचा कर्ता आणि हा ‘कोण’ वेगळे निघाले, तर कर्ता लिहूनच टाकायचा.

‘उद्या येणाऱ्या गाडीतल्या मालाची नोंद करा’ हे वाक्यही आमच्या वहीत सापडलं. गाडी उद्या येणार की नोंद उद्या करायची? इथे आपल्याकडची ‘जो-तो’ची जोडी कामाला येते : ‘जी गाडी उद्या येईल, तिच्यातल्या मालाची नोंद करा.’ वाक्य लांबलं, पण ‘उद्या’ जागेवर बसला.

विशेषणांत मराठी कधी कधी आपणहून मदत करते. ‘जुन्या पंपाचा व्हॉल्व्ह’ म्हटलं की पंप जुना, हे ‘जुन्या’ या रूपावरूनच कळतं. ‘खराब पंपाचा व्हॉल्व्ह काढा’ मध्ये ती सोय नाही, कारण ‘खराब’चं रूप बदलत नाही. मग पंप खराब आहे की व्हॉल्व्ह, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. व्हॉल्व्हच खराब असेल तर विशेषण त्याच्या शेजारी न्यावं : ‘पंपाचा खराब व्हॉल्व्ह काढा.’

गैरसमज : सूचना छोटी असली की स्पष्ट असते.

आमच्या गावातच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. कवायतीच्या आज्ञा छोट्या असतात खऱ्या, पण त्यांचा नेमकेपणा छोटेपणातून येत नाही. ‘दाहिने मुड’ मध्ये आधी बाजू येते, मग क्रिया. एका आज्ञेत एकच क्रिया, आणि ‘मुड’ ऐकल्यावरच वळायचं. माझी ओळही पाचच शब्दांची होती, पण तीत क्रिया दोन होत्या आणि नकार एक.

गेल्या आठवड्यात त्याच फिटरने वहीत माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं : ‘कूलिंग पंपाची मोटर गरम होते. मोटर बंद केली आहे. तुम्ही बेअरिंग बघा. बघून झाल्यावर चालू मी करीन.’