आंघोळीच्या घासणीला वास येण्याआधी

घोसाळं वेलीवरच पूर्ण वाळू दिलं आणि साल-बिया काढून टाकल्या की उरते तंतूंची जाळी. दुकानात तीच ‘लूफा’ म्हणून मिळते. आंघोळीत अंगावरून निघालेली मृत त्वचा त्या तंतूंत अडकते आणि घासणी दमट बाथरूममध्येच लटकत राहते. १९९३ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अंगावर पुरळ उठलेल्या एका रुग्णाच्या केशमुळांच्या संसर्गाचा माग काढला, तेव्हा ‘स्यूडोमोनास’ हा जिवाणू तिच्या लूफातही सापडला. न वापरलेला लूफाही ओला ठेवला तर त्यावर जिवाणू वाढतात, हेही त्यांना दिसलं. तंतू मुळात वनस्पतीचे, त्यामुळे जिवाणूंचं पोषण तिथेच होतं.

म्हणून लूफा धुण्याइतकाच वाळवणंही महत्त्वाचं. आंघोळीनंतर तो वाहत्या पाण्याखाली धरा, घट्ट पिळा, झटका आणि बाथरूमबाहेर, शक्यतो उन्हात टांगा. आठवड्यातून एकदा एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात पाच मिनिटं बुडवून नीट खळबळा. या मिश्रणात संडास साफ करायचं आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. एवढी काळजी घेऊनही लूफा तीन-चार आठवड्यांनी टाकावा. नायलॉनच्या जाळीचा गोळा लवकर वाळतो, तो दोन महिने चालतो. वास आला, बुळबुळीत लागला किंवा काळे ठिपके दिसले, तर मुदतीची वाट न पाहता फेकून द्या. पावसाळ्यात ही वेळ लवकर येते. हातमोजे त्या मानाने सोयीचे, कारण ते कपड्यांबरोबर धुता येतात.

नाजूक त्वचेला मात्र स्वच्छ घासणीचाही त्रास होतो. गळ्याच्या हाडांवर, पाठीवर, दंडांवर आणि नडग्यांवर काळपट डाग दिसले की लोक ते मळ समजून आणखी घासतात. हाडाजवळच्या त्वचेवर रोज घर्षण झालं की रंगद्रव्य साचतं आणि डाग गडद होतो. त्वचारोगतज्ज्ञ याला ‘फ्रिक्शन मेलॅनोसिस’ म्हणतात. पहिला उपाय म्हणजे घासणं बंद करणं. रंग उतरायला बरेच महिने लागतात, आणि डाग खाजत किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

अशा त्वचेसाठी मला तळहात आणि सौम्य साबण हेच सर्वांत योग्य वाटतं. फार तर धुतलेला मऊ सुती पंचा, न रगडता फिरवावा. कोरड्या, खरखरीत पण धडधाकट त्वचेला आठवड्यातून एकदा मऊ विणीचा हातमोजा चालतो, त्यात हाताचा दाबही कळतो. इसब, सोरायसिस, ताजी जखम किंवा नुकतंच केलेलं शेव्हिंग असेल तिथे, तसंच चेहऱ्यावर आणि जांघेत, यातलं काहीही वापरू नये. घरात प्रत्येकाची घासणी वेगळीच असावी.