‘मध्यम’ कशाच्या मागे?

सहकारी बँकेच्या संचालकांसाठी पतमानांकनाचा अहवाल मराठीत आणताना खरी कसोटी लागते ती व्याख्यांत. दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या श्रेणीत ‘बीबीबी’ म्हणजे वेळेवर परतफेडीची मध्यम सुरक्षितता आणि मध्यम पतजोखीम. ‘बीबी’ म्हणजे कर्ज थकण्याचीच मध्यम जोखीम. दोन्हीकडे नुसते ‘मध्यम जोखीम’ लिहिले, तर गुंतवणूकयोग्य श्रेणीची सीमारेषाच पुसली जाते.

समजा, कारखान्याला ‘बीबीबी उणे’ आणि ‘नकारात्मक’ दृष्टिकोन मिळाला आहे. ‘मानांकन घटेल’ असे भाषांतर चुकीचे. मूळ विधान फक्त संभाव्य दिशा सांगते. ‘घटू शकते’ हेच बरोबर. पण इथे एक पायरी घसरली की थेट ‘बीबी अधिक’, म्हणून हा ‘शकते’ मी कधीच गाळू देत नाही. अक्षरचिन्हे मात्र मुळाबरहुकूम ठेवावीत.