हिंदीत कवि, मराठीत कवी

मराठी माध्यमाच्या शाळेत हिंदी सुरू झाले की मराठीच्या बाईंकडे एक चिठ्ठी हमखास येते. कधी ती वहीच्या शेवटच्या पानावर असते, कधी डायरीत घडी घालून. सातवीतल्या एका मुलाच्या आईची चिठ्ठी साधारण अशी:

"आदरणीय बाई, स. न. वि. वि. सोमवारी मुलाने मराठीच्या वहीत 'कवि' लिहिले, ते आपण 'कवी' केलेत. गुरुवारी त्याने आठवणीने हिंदीच्या वहीत 'कवी' लिहिले, तर सरांनी ते 'कवि' केले. मी दोन्ही पुस्तके काढून पाहिली. एकात 'शक्ती, भूमी, वस्तू', दुसऱ्यात 'शक्ति, भूमि, वस्तु'. शिवाय मराठीच्याच पुस्तकात एका पानावर 'कवी' आणि पुढच्या पानावर 'कविसंमेलन' आहे. आजोबा म्हणतात, हिंदीचे पुस्तक बरोबर. विद्यार्थीहितासाठी वहीत कोणते पुस्तक धरायचे ते कळवावे."

आईची चिडचिड रास्त आहे. शब्द तोच, लिपी तीच, बऱ्याचदा दोन्ही पुस्तके बालभारतीचीच, आणि लाल रेघ मात्र दोन्हीकडे. पण मुद्रणदोष कुठेच नाही. दोन्ही भाषांनी हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले, लिहिताना मात्र वेगवेगळे धोरण ठरवले. संस्कृतात 'कवि'ला पहिली वेलांटी, म्हणून हिंदीतही पहिली. मराठीने उच्चाराकडे पाहिले. आपण शब्दाच्या शेवटी येणारी इ किंवा उ लांबवूनच म्हणतो, 'कवी' म्हणताना कोणी वि वर तोडत नाही. म्हणून शब्द एकटा असेल तर शेवटची वेलांटी दुसरी आणि शेवटचा उकार दुसरा, असा नियम झाला. 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' अशी थोडी अव्यये तेवढी ऱ्हस्व राहिली.

हा नियम फार जुना नाही, आणि आजोबांचा हट्ट तिथूनच येतो. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले लेखनाचे १४ नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चार आले आणि आज शाळेत चालतात ते १८ नियम झाले. त्याआधीच्या मराठी पुस्तकांत 'कवि', 'प्रीति', 'गुरु' सर्रास छापलेले सापडते. ज्यांनी अशा पुस्तकांवर अक्षर गिरवले, त्यांना नातवाचे हिंदीचे पुस्तक ओळखीचे वाटते आणि मराठीचे परके. ते 'नांव' आणि 'पांच'ही लिहीत असतील, कारण न उच्चारले जाणारे अनुस्वारही याच नियमांनी काढून टाकले.

तेव्हा चिठ्ठीतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वही ज्या भाषेची, नियम त्या भाषेचा. इतिहासाच्या, विज्ञानाच्या वहीतही मराठीचाच, कारण ते विषय मुलगा मराठीत लिहितो. नागरिकशास्त्राच्या उत्तरात 'राष्ट्रपती' आणि हिंदीच्या निबंधात 'राष्ट्रपति'.

दुसरा प्रश्न जास्त मजेचा आहे. 'कवी'चे 'कविसंमेलन' होताना वेलांटी का उलटते? कारण समासात तो शब्द एकटा उरत नाही. वी आता शेवटचे अक्षर नाही, मग शेवट लांबवण्याचे कारणही गेले आणि शब्द आपल्या संस्कृत रूपाकडे परत गेला. म्हणून 'बुद्धी' पण 'बुद्धिबळ', 'गुरू' पण 'गुरुवार', 'वस्तू' पण 'वस्तुसंग्रहालय', 'राष्ट्रपती' पण 'राष्ट्रपतिपद'. प्रत्यय लागला तर मात्र असे होत नाही. 'कवीने', 'बुद्धीला', 'शक्तीमुळे', 'राष्ट्रपतींनी' हे सगळे दीर्घच. मुलाने मागच्या तुकड्यावर बोट ठेवून पाहावे. तो 'ने', 'ला', 'साठी', 'मुळे' असा मराठी तुकडा असेल तर दीर्घ. 'संमेलन', 'पद' असा संस्कृत शब्द किंवा 'मान', 'शाली' असा संस्कृत शेपटा असेल तर मूळ रूप.

पण मूळ रूप ऱ्हस्व होते हे सातवीतल्या मुलाला कसे कळावे? दिवाळीत 'लक्ष्मीपूजन' असते आणि घराचा पाया खणताना 'भूमिपूजन'. पूजन दोन्हीकडे, वेलांट्या वेगळ्या, कारण संस्कृतात 'लक्ष्मी' मुळातच दीर्घ आणि 'भूमि' ऱ्हस्व. मराठीत एकटे लिहिताना दोन्ही दीर्घ होतात, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. मराठीचे पुस्तक तो लपवते आणि इथे नेमके ते भांडखोर हिंदीचे पुस्तक उपयोगी पडते. त्यात 'नदी', 'स्त्री', 'लक्ष्मी' दुसऱ्या वेलांटीने आणि 'भूमि', 'शक्ति', 'गति' पहिल्या वेलांटीने छापलेले असतात. म्हणजे 'नदीकाठ', 'स्त्रीशिक्षण' दीर्घ ठेवायचे आणि 'भूमिगत', 'शक्तिशाली', 'गतिरोधक' ऱ्हस्व करायचे. उकारालाही हेच लागू. हिंदीतही 'वधू' दीर्घ, म्हणून 'वधूवर'. ज्या पुस्तकामुळे चिठ्ठी लिहावी लागली, तेच आता कोशाचे काम करते.

ही युक्ती एका ठिकाणी फसते, आणि ती जागा चिठ्ठीतच आहे. आईने लिहिले 'विद्यार्थीहितासाठी'. बाई त्यावर बारीकशी लाल खूण करणार, ते व्हायला हवे 'विद्यार्थिहितासाठी'. हिंदीचे पुस्तक उघडले तरी तिथे 'विद्यार्थी' दीर्घच सापडतो. कारण हा शब्द मुळात 'विद्यार्थिन्' असा न् ने संपणारा आहे. 'मंत्री', 'पक्षी', 'प्राणी', 'योगी', 'स्वामी' ही सगळी त्याच घरातली भावंडे. एकटी असताना ती संस्कृतातही दीर्घ दिसतात, पण समासात न् गळतो आणि उरते ती ऱ्हस्व इ. म्हणून 'मंत्रिमंडळ', 'पक्षिमित्र', 'प्राणिसंग्रहालय'. गावोगावच्या पाट्यांवर 'प्राणीसंग्रहालय' असते, त्यामुळे पुस्तकातले रूपच चुकीचे वाटू लागते.

इथे कानाला विचारावे. स्त्रीलिंगी रूप करून 'नी' ऐकू येते का पाहायचे. विद्यार्थी–विद्यार्थिनी, योगी–योगिनी, स्वामी–स्वामिनी. 'नी'च्या आधीची वेलांटी पहिली असते, तीच समासात येते: 'विद्यार्थिगृह', 'योगिराज', 'स्वामिनिष्ठ'. 'प्राणी'चे असे रूप कोणी बोलत नाही, तो पाठच करावा लागतो.

एवढे झाल्यावरही मराठीच्या दोन पुस्तकांत एखादा शब्द खरोखरच वेगळा दिसू शकतो. कधी ती छपाईतली चूक असते. तोच शब्द त्याच पुस्तकात आणखी दोन-तीन ठिकाणी शोधला की बहुधा उलगडा होतो. अशा वेळी चिठ्ठीत नुसता शब्द न लिहिता पान आणि पूर्ण वाक्य लिहावे, कारण 'कवि' समासात आहे की एकटा, हे वाक्याशिवाय बाईंनाही सांगता येत नाही. कधी मात्र तो संतांचा अभंग असतो. केशवसुतांच्या आधीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, असे नियमांतच म्हटले आहे. त्यामुळे अभंगात आज न चालणारे अनुस्वार आणि ऱ्हस्व शेवट तसेच ठेवलेले दिसतात. मुलाने अभंग उतरवून घेताना ते जसेच्या तसे उतरवावेत. त्याच पानावर खाली अभंगाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहिताना मात्र अनुस्वार गाळावा आणि वेलांटी दुसरी द्यावी.