एकाच खेळाची दोन खाती

‘फोर्टनाइट’मध्ये दोन खाती एकत्र करण्याची सोय खरोखरच होती, पण थोडा काळ. २०१८च्या सप्टेंबरमध्ये सोनीने प्लेस्टेशनवरच्या खेळाडूंना इतर कन्सोलवाल्यांशी खेळू दिलं. तोवर अनेकांची दोन-दोन खाती झाली होती. म्हणून ‘एपिक गेम्स’ने २०१९च्या सुरुवातीला विलीनीकरण खुलं केलं. दुय्यम खात्यातले पोशाख आणि व्ही-बक्स मुख्य खात्यात जात, दुय्यम खातं बंद होई. खेळातली प्रगती मात्र तिथेच राही. मे २०१९मध्ये ही सोय संपली आणि आता मदतकक्षही खाती जोडून देत नाही.

समजा, प्लेस्टेशनवरचे पोशाख एका ईमेलवर आहेत आणि संगणकावर दुसऱ्याच ईमेलने रिकामं खातं उघडलंय. अशा वेळी खाती जोडायची गरजच नाही, संगणकावर पहिल्याच खात्याने लॉगिन करावं. त्याचा ईमेल बदलता येतो, पासवर्ड विसरला असेल तर मालकी पटवून मदतकक्षाकडून खातं परत मिळवता येतं. प्लेस्टेशनची जोडणी तोडून दुसऱ्या खात्याला लावली, तरी पोशाख मात्र मूळ एपिक खात्यातच राहतात. घाईत जोडणी तोडणाऱ्यांना नेमका इथेच लॉकर रिकामा दिसतो.